भिंतीवरची रेषा, कागदावरची रेषा

ग्वाल्हेरच्या चितेऱ्यांविषयी आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी निदान ऐकले असेलच. लग्नकार्य निघाले की दर्शनी भिंतीला नवा रंग द्यावा, दाराच्या दोन्ही अंगांस हत्ती, घोडे, कलश आणि वर गणपती काढून घ्यावा, अशी या भागातील जुनी रीत आहे. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून १८१० च्या सुमारास वसलेल्या लष्करातील मराठी घरांनीही ती आपलीशी केली. चितेरा आधी रंगाचे सपाट पट्टे भरतो आणि शेवटी काळ्या रेषेने सारे चित्र बांधून घेतो. जाड सुरुवात, मध्ये एक वळण आणि शेवटी केसासारखे टोक, अशी ती कुंचल्याच्या एका ओढीत उतरलेली रेषा असते. चित्राचा सारा जीव तिच्यात असतो आणि छपाईत पहिला घात तिचाच होतो.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाच्या बाबतीत गेल्या वर्षी नेमके हेच घडले. त्यांच्या वाड्याच्या दारावरील गणपती वाड्याबरोबरच गेला. भिंत उतरवण्यापूर्वी घरातील कोणीतरी भ्रमणध्वनीवर एक छायाचित्र घेतले होते. तो भ्रमणध्वनीही पुढे निकामी झाला आणि नातेवाइकांना धाडलेली व्हॉट्सॲपवरची प्रत तेवढी उरली. गणेशोत्सवातील प्रदर्शनासाठी त्या चित्राचे अठरा बाय चोवीस इंची पंचवीस पोस्टर छापावे, असे घरच्यांच्या मनात होते. बाजारातील एका दुकानाने ते काम घेतले आणि नमुना हाती दिला. तो पाहून घरच्या वृद्ध काकूंनी एवढेच म्हटले, "हा आपला गणपती नव्हे. हा धुक्यातला गणपती आहे."

हे धुके कोठून आले, हे समजण्यासाठी थोडे गणित मांडावे लागते. संगणकावरील चित्र म्हणजे बारीक चौकोनांची जाळी. या चौकोनास पिक्सेल म्हणतात. आमच्या हाती आलेल्या प्रतीत आडवे १२०० आणि उभे १६०० पिक्सेल होते. हे चित्र अठरा इंच रुंदीवर पसरले की एका इंचाच्या वाट्यास जेमतेम ६७ पिक्सेल येतात. यालाच पोस्टरचे रेझोल्यूशन म्हणावयाचे. मूळ चित्रातील मुख्य रेषा सहा पिक्सेल जाड होती. पोस्टरवर ती सव्वादोन मिलिमीटरची झाली, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु छायाचित्रात रेषेची कड कधीच एका झटक्यात काळ्यावरून पांढऱ्यावर जात नाही. मध्ये एक-दोन पिक्सेल करडे असतात. पोस्टरवर त्या करड्या पट्टीची रुंदी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास गेली. हाताच्या अंतरावरून ती सहज दिसते आणि तेच काकूंचे धुके.

येथे एक गैरसमज आधी दूर केला पाहिजे, कारण तो चांगल्या शिकलेल्या माणसांतही आढळतो. चित्राच्या माहितीत ७२ असा आकडा लिहिलेला असतो. तो खोडून ३०० लिहिला की चित्र छपाईयोग्य झाले, अशी समजूत असते. तो आकडा म्हणजे केवळ पिक्सेल किती दाटीने मांडावे याची सूचना. पिक्सेलांची संख्या तेवढीच राहिली, तर ३०० लिहिल्याने एवढेच होते की आपले १२०० पिक्सेल चार इंचांत संपतात. त्याचप्रमाणे छपाईयंत्रावर लिहिलेला १४४० हा आकडा शाईच्या तुषारांचा आहे. एकेका रंगछटेसाठी यंत्र असे अनेक तुषार मिळून वापरते, म्हणून चित्रही १४४० चे असावे असा त्याचा अर्थ होत नाही.

मग किती असावे? याचे उत्तर पाहणारा किती दूर उभा राहणार यावर अवलंबून आहे. निरोगी डोळ्याला साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढे अंतर वेगळे ओळखता येते. एक मीटरवरून हे माप ०.२९ मिलिमीटर भरते, म्हणजे इंचाला सुमारे ८७ पिक्सेल पुरतात. साठ सेंटिमीटरवरून, म्हणजे हात लांब करून पोचेल इतक्यावरून, सुमारे १४५ लागतात. पुस्तकासारखे तीस सेंटिमीटरवर धरले तर २९० च्या जवळपास, आणि रंगीत छपाईत सगळीकडे सांगितला जाणारा ३०० हा आकडा याच्याशी चांगला जुळतो. प्रदर्शनात लोक चित्राच्या जवळ जातात, म्हणून आमच्या पोस्टरच्या रंगांसाठी १५० पुरेसे होते. भिंतभर फलक असता आणि तो रस्त्यापलीकडून पाहावयाचा असता, तर याच्या पाव भागातही निभावले असते.

परंतु रेषेला हा हिशेब लागू पडत नाही, आणि सारी गोम येथे आहे. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत वर्नियर कॅलिपर हाताळलेल्या विद्यार्थ्यांना आठवेल की दोन रेघा एका ओळीत आहेत की किंचित सरकलेल्या आहेत, हे डोळा विलक्षण अचूकपणे सांगतो. वर सांगितलेल्या मापाच्या कितीतरी लहान अंशाएवढा सरकाही त्याला जाणवतो. म्हणून रंगाचा पट्टा १५० वर गुळगुळीत दिसत असताना त्याच १५० वर काळ्या रेषेची कड करवतीसारखी दिसू शकते. पोस्टरवरच्या रेषेला आम्ही ४०० धरतो. हातात घेऊन वाचावयाच्या निमंत्रणपत्रिकेवरची रेषा असेल तर ६०० पासून १२०० पर्यंत. जुने ब्लॉकवाले लाईन ब्लॉक आणि हाफटोन ब्लॉक अशी दोन वेगळी खाती ठेवीत, ती उगीच नव्हे.

आमच्या चित्राला हाच उपाय लावावा, असे ठरले. रेषा आणि रंग वेगळे करावयाचे, दोन्ही आपापल्या रीतीने मोठे करावयाचे आणि मग एकावर एक ठेवावयाचे. शाळेतील संगणकाच्या शिक्षकांनी GIMP हा विनामूल्य मिळणारा कार्यक्रम वापरला. पुढील क्रम त्याच्याच भाषेत सांगतो.

पहिले काम रेषा सोडवून घेण्याचे. चित्रात गेरू आणि पिवळा हे रंग प्रमुख होते. प्रत्येक पिक्सेलमध्ये तांबडा, हिरवा, निळा असे तीन भाग असतात. त्यांतला केवळ तांबडा भाग वेगळा काढला, तर गेरू आणि पिवळा दोन्ही फिकट पडतात आणि काळी रेषा मात्र काळीच राहते. Colors > Components > Extract Component येथे RGB Red निवडले की हे होते. पूर्वी ब्लॉकसाठी छायाचित्र घेताना भिंगापुढे तांबडी काच धरीत, त्याचेच हे संगणकी रूप. अर्थात हिरव्या पोपटाला वा निळ्या पार्श्वभूमीला हा उपाय चालत नाही, ती तांबड्या भागात काळवंडतात. आमच्या चित्रात मखराच्या दोन बाजूंस हिरवी पाने होती, तेवढ्यांसाठी हिरवा भाग काढून तो तुकडा जोडला.

दुसरी अडचण उजेडाची. छायाचित्राच्या डाव्या कोपऱ्यात छपराची सावली होती. ती तशीच ठेवून पुढे गेलो असतो तर तो कोपरा सबंध काळा झाला असता. म्हणून चित्राची एक प्रत वर ठेवून ती खूप पुसट केली, इतकी की रेषा दिसेनाशा व्हाव्यात आणि फक्त उजेड-सावलीचा चढउतार उरावा. सहा पिक्सेलांच्या रेषेसाठी आम्ही साठ पिक्सेलांचा पुसटपणा घेतला. मग त्या थराची पद्धत Divide केली. खालचे चित्र वरच्या सावलीने भागले जाते आणि कागद सगळीकडे सारखा पांढरा होतो. यात एक खाच आहे. जेथे काळा रंग मोठ्या भागात भरलेला असेल, तेथे तो भाग आतून पोकळ होतो. गणपतीच्या पायाशी बसलेला उंदीर सबंध काळा होता, म्हणून त्याला या भागाकारातून वगळावे लागले.

मोठे करण्यापूर्वीच आणखी एक साफसफाई करावी. व्हॉट्सॲप चित्र दाबून लहान करते. त्या दाबण्याने रेषेभोवती बारीक करडी धूळ उडालेली दिसते. ती आधी टिपली नाही, तर चित्राबरोबर तीही सहापट होते. चुन्याच्या भेगा आणि पोपडे यांचेही तेच. ही साफसफाई हातानेच करावी असे आम्ही म्हणू, कारण भेग कोणती आणि मिशीचा केस कोणता हे घरच्या माणसाला कळते. काकूंनी शेजारी बसून ते दाखवले. याउलट चित्र सरळ करणे, फिरवणे ही कामे शक्य तर मोठे केल्यानंतर एकदाच करावीत. प्रत्येक वेळी चित्र फिरवले की पिक्सेल नव्याने मोजले जातात आणि रेषा थोडी थोडी मऊ होत जाते.

आता मोठे करणे. १२०० चे ७२०० आणि १६०० चे ९६००, म्हणजे सहापट. अठरा इंचांवर हे बरोबर ४०० पडते. Image > Scale Image येथे मधले पिक्सेल कसे भरावेत याची निवड असते. None घेतले तर प्रत्येक चौकोनाचा मोठा चौकोन होतो आणि रेषा जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसते. Cubic घेतले तर ती बऱ्यापैकी गुळगुळीत होते, पण कडेला कधी कधी पांढरी किनार उठते. आम्ही NoHalo घेतले. तरीही या क्षणी रेषा पुसटच दिसते, आणि पुष्कळजण येथेच घाबरून चित्र 'शार्प' करण्याच्या मागे लागतात. तसे करू नये. त्याने रेषेबाहेर पांढरी आणि आत अधिक काळी अशी दुहेरी कड उमटते. दुरून ती तेज वाटते, जवळून मात्र रेषेला पांढरा गोट लावल्यासारखी दिसते.

त्याऐवजी आम्ही चित्र आणखी थोडे पुसट केले, फक्त तीन पिक्सेलांनी. हे ऐकून चमत्कारिक वाटेल. परंतु त्या करड्या पिक्सेलांतच खरी माहिती साठवलेली असते. पिक्सेल निम्मा करडा आहे याचा अर्थ रेषेची कड त्याच्या मधून गेली आहे. पाव करडा असेल तर कडेचा एक कोपराच त्याला लागला आहे. मोठे करताना ही करडी उतरण गुळगुळीत पसरते. मग Colors > Threshold येथे मध्यावर उंबरठा ठेवावयाचा, त्याच्या अलीकडचे सारे काळे, पलीकडचे सारे पांढरे. उतरणीच्या बरोबर मधोमध कड पडते आणि एकाएकी धुके जाऊन धारदार, गोलाईदार रेषा उभी राहते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा क्षण फार सुखद वाटतो, आम्हांसही वाटला.

उंबरठा कोठे ठेवावा, हा मात्र विवेकाचा प्रश्न आहे. तो सरकवला की सबंध चित्रातील रेषा जाड वा बारीक होतात. म्हणून मूळ चित्रात चार-पाच ठिकाणी रेषेची जाडी मोजून ठेवावी आणि मोठ्या चित्रात ती सहापटच भरते ना हे पाहावे. आमच्या सहा पिक्सेलांच्या रेषा छत्तीसच्या आसपास आल्या, तेव्हा समाधान झाले. पण दोन पिक्सेलांच्या बारीक रेषा, सोंडेवरील नक्षी, डोळ्यांच्या कडा, उंदराच्या शेपटीचे टोक, या तुटल्या. कारण इतकी बारीक रेषा छायाचित्रात कधी पुरती काळी झालेलीच नसते, करडीच राहते, आणि मध्यावरच्या उंबरठ्याला ती पार करीत नाही. त्या भागांपुरता उंबरठा सरकवून पाहिला. नक्षी परत आली, डोळे आले नाहीत.

रेषेचा बाह्याकार गणिती वक्रांत बसवून देणारा मार्गही आहे. Inkscape या कार्यक्रमात Trace Bitmap म्हणून तो मिळतो. अशी रेषा हवी तितकी मोठी केली तरी मऊ होत नाही, हा तिचा मोठा गुण. मंडळाच्या चिन्हासाठी वा अक्षरलेखनासाठी आम्ही तोच मार्ग सुचवू. चितेऱ्याच्या कुंचल्याला मात्र तो फारसा मानवत नाही. टोके बोथट होतात, हाताचा सूक्ष्म कंप इस्त्री फिरवल्यासारखा नाहीसा होतो आणि रेषा मेणाची वाटू लागते. तो वापरावयाचाच तर लहान चित्रावरून न वापरता वरीलप्रमाणे मोठे करून, उंबरठ्यातून काढून मग वापरावा. पुष्कळ चित्रे पाहून शिकवलेले नव्या पद्धतीचे कार्यक्रमही आहेत. २०१५ साली आलेला waifu2x जपानी धर्तीच्या रेखाचित्रांसाठीच तयार झाला होता. त्यांची रेषा खरोखर देखणी येते. पण जेथे चित्रात माहिती नसते तेथे ते आपल्या अंदाजाने भर घालतात. आमच्या गणपतीचा डोळा त्यातून सुबक आला, तो चितेऱ्याचा मात्र नव्हता.

शेवटी डोळे आणि कपाळावरचे गंध यांसाठी शाळेतील चित्रकलेच्या शिक्षिकांची मदत घेतली. पोस्टरवर गणपतीचे मुख सहा इंचांचे येणार होते. त्याच आकारात, फिकट निळ्या शाईत ते छापून घेतले आणि त्यावर त्यांनी काळ्या शाईने, कुंचल्यानेच, रेषा ओढल्या. शेजारी मूळ छायाचित्र आणि त्याच मोहल्ल्यातील दुसऱ्या एका जुन्या दारावरील गणपती ठेवला होता. तो कागद ४०० वर स्कॅन केला म्हणजे मोठ्या चित्रात माप न बदलता जसाच्या तसा बसतो, आणि निळी छाप तांबड्या-हिरव्याच्या त्याच युक्तीने, म्हणजे निळा भाग काढून, नाहीशी करता येते. निळ्या भागात निळी शाई पांढऱ्यासारखी फिकट पडते. चौकटी आखून चित्र मोठे करणारे जुने पेंटर हेच करीत, फक्त ते सबंध चित्रभर करीत.

रंगांचे काम यापुढे सोपे होते. ते साध्या रीतीने मोठे केले, पुसट राहिले तरी हरकत घेतली नाही, कारण रंगाची कड रेषेखाली झाकली जाते. फक्त प्रत्येक रंग रेषेच्या खाली थोडा आत सरकवून ठेवला. तसे न केल्यास छपाईत अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाले की रंग आणि रेषा यांमध्ये कागदाची पांढरी फट दिसते. मजकुराची अक्षरे चित्रात मिसळली नाहीत, स्वतंत्र ठेवली. देवनागरीची शिरोरेषा आणि जोडाक्षरांतील बारीक कोपरे चित्राबरोबर मोठे झाले की सर्वांआधी भरून येतात. तयार चित्र PNG मध्ये ठेवले. जे दाबण्याने प्रथम बिघाड केला त्याच JPEG मध्ये पुन्हा घालण्यात अर्थ नव्हता.

छापणाऱ्यास एक गोष्ट बजावून सांगावी लागते. रेषा केवळ काळ्या शाईतच छापावी. संगणकावरील काळा बहुधा चारही शाया मिसळून छापला जातो. त्यांतील एक जरी किंचित सरकली, तरी रेषेच्या कडेला तांबूस वा निळसर झालर दिसते. पत्रिकेसाठी ऑफसेटवर छापताना तर हे फारच महत्त्वाचे, कारण शुद्ध काळी रेषा जाळीच्या ठिपक्यांत न फुटता सलग छापली जाते आणि करडी रेषा मात्र ठिपक्यांत फुटून खरबरीत होते.

पंचवीस प्रती एकदम काढण्याआधी आम्ही मुख आणि उंदीर येतील अशी चार इंच रुंद पट्टी पूर्ण आकारात, त्याच कागदावर छापून मागितली. पडद्यावर सबंध चित्र लहान करून पाहिले की सारेच सुरेख दिसते, त्यावर विसंबता येत नाही. पट्टी भिंतीला लावून आधी हाताच्या अंतरावरून आणि मग दोन मीटरवरून पाहिली. कडेला करडेपणा नव्हता, पांढरा गोट नव्हता, जाड-बारीक ओढ शाबूत होती. उंदराच्या शेपटीचे टोक तेवढे मूळ चित्रापेक्षा थोडे आखूड आले. तीन पिक्सेलांच्या त्या पुसटपणाने अणकुचीदार टोके मागे सरतातच. शिक्षिकाबाई ते ओढून द्यावयास तयार होत्या. काकूंनी नको म्हटले.

पोस्टरच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ घातली आहे: मुखाच्या रेषा छायाचित्रावरून नव्याने काढलेल्या, शेष रेषा मूळ भिंतीच्या. चितेऱ्याचे नाव घरात कोणाला आठवत नाही, म्हणून त्या ओळीत तेवढी जागा कोरी सोडली आहे.